एज रेझरची चाळीस वर्षं

सप्टेंबर १९८३ मध्ये ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकात एका रेझरवरचा शोधनिबंध छापून आला. एकदा वापरून फेकायच्या या रेझरचं नाव होतं ‘एज’. तो कुठल्याच दुकानात मिळत नव्हता, कारण रिचर्ड पेटी, जॉन कॅसिओपो आणि डेव्हिड शूमन या तिघांनी तो केवळ प्रयोगापुरता कल्पिलेला होता. तरीही जाहिरातशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्यावर पानंच्या पानं खर्ची पडली. या प्रयोगामागच्या सिद्धान्ताचं ‘इलॅबोरेशन लाइक्लीहूड मॉडेल’ हे लांबलचक नाव ज्यांनी परीक्षेपुरतं पाठ केलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हा प्रयोग मात्र नीट वाचलेला नसतो. त्यामुळे मॉडेलचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला, आणि तोही थोडा वाकडा.

पेटी आणि कॅसिओपो १९७०च्या दशकात ओहायो स्टेट विद्यापीठात एकत्र शिकत होते. त्या काळी मनवळवणीच्या अभ्यासात बराच गोंधळ होता. येल विद्यापीठात कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बोलणारा कोण, निरोप काय, ऐकणारा कोण असे घटक सुटे करून तपासले होते. पण उत्तरं जुळत नव्हती. एका प्रयोगात तज्ज्ञाच्या नावाने सांगितलेलं लोकांना पटे, दुसऱ्यात त्या नावाचा काहीच उपयोग होत नसे. १९६८ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड यांनी वेगळीच दिशा दाखवली. ऐकलेल्यातलं माणसाला किती आठवतं यापेक्षा ऐकताना त्याच्या स्वतःच्या मनात काय विचार आले यावर त्याचं मत जास्त अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पेटी आणि कॅसिओपो यांनी तिथून पुढचा प्रश्न विचारला: आणि विचारच आले नाहीत तर?

त्यांचं उत्तर असं. माणसाला विचार करायची इच्छा असेल आणि तशी संधीही असेल, तर तो दिलेली कारणं तपासतो, आपल्या माहितीशी ताडून पाहतो आणि मग मत बनवतो. हा केंद्रीय मार्ग. इच्छा किंवा संधी यांपैकी काही कमी पडलं की तो एखाद्या सोप्या खुणेवर भागवतो: चेहरा ओळखीचा आहे, बोलणारा मोठा माणूस आहे, कारणं मोजायला बरीच दिसतात. हा परिघीय मार्ग. दोन्ही वाटांनी मत बदलतं, पण पहिल्या वाटेने बनलेलं मत जास्त टिकतं, विरोधी बोलण्यापुढे तग धरतं आणि वागण्यातही उतरतं. ही मांडणी त्यांच्या १९८१च्या पुस्तकात आली आणि १९८६च्या पुस्तकात पूर्णत्वाला गेली. जाहिरातवाल्यांपर्यंत ती पोचली ती मात्र मधल्या काळातल्या त्या रेझरमुळे.

मिसुरी विद्यापीठातल्या १६० विद्यार्थी-विद्यार्थिनींना एकेक पुस्तिका दिली गेली. तीत मासिकांतल्यासारख्या जाहिराती होत्या आणि त्यांच्यातच एजची जाहिरात मिसळून दिली होती. निम्म्यांना आधीच सांगितलं होतं की शेवटी भेट म्हणून वापरून फेकायच्या रेझरचा एखादा ब्रँड निवडता येईल, आणि हा रेझर लवकरच त्यांच्याच भागात विक्रीला येणार आहे. उरलेल्यांना भेट मिळणार होती टूथपेस्टची, आणि रेझर येणार होता दूरच्या शहरांत. जाहिरात हुबेहूब तीच असली तरी पहिल्या गटाला तिच्याशी देणंघेणं होतं, दुसऱ्याला नव्हतं.

मग जाहिरातीतच दोन बदल केले गेले. काही प्रतींत रेझरची शिफारस नावाजलेले खेळाडू करत होते, तर काहींत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड शहरातले साधे नागरिक. खरी गंमत होती ती कारणांत. भक्कम कारणांच्या प्रतीत लिहिलं होतं की पात्याला नव्या पद्धतीने धार लावली आहे, रासायनिक लेपामुळे कापत नाही आणि गंजत नाही, हातातून निसटू नये म्हणून मुठीला कंगोरे आहेत, आणि तुलनेच्या चाचणीत जवळच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा दुप्पट वेळा तुळतुळीत दाढी झाली. कमकुवत प्रतीत लिहिलं होतं की हा रेझर पाण्यावर तरंगतो, निरनिराळ्या रंगांत आणि आकारांत मिळतो, बाथरूमचा विचार करून बनवला आहे, एकदाच वापरता येतो पण तो अनुभव लक्षात राहतो. आणि तुलनेच्या चाचणीत प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त कापलं नाही. हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. खोटं न बोलता काहीच न सांगायची कला त्यात आहे, आणि आज कुठल्याही पाकिटाची मागची बाजू वाचली की तिचे वारसदार भेटतात.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. ज्यांना रेझर निवडायचा होता त्यांच्या मतावर कारणांच्या दर्जाचा मोठा परिणाम झाला आणि खेळाडू की साधे नागरिक याने फरक पडला नाही. ज्यांना टूथपेस्ट मिळणार होती त्यांना खेळाडूंमुळे रेझर जास्त आवडला. कारणांचा परिणाम त्यांच्यावरही झाला, पण बराच कमी. म्हणजे कडेच्या वाटेने जाणारा माणूस डोळे मिटून जात नाही, तो फक्त कमी पाहतो. इथे आणखी एक निरीक्षण होतं, ज्याकडे जाहिरात व्यवसायाने सोयीस्कर दुर्लक्ष केलं. रेझरबद्दलचं मत आणि तो विकत घ्यायचा इरादा यांचा मेळ रेझर निवडणाऱ्या गटात चांगला बसला, टूथपेस्टवाल्यांत तो सैल होता. वलयांकित चेहऱ्याने मत सुधारलं म्हणून हात खिशाकडे गेलाच असं नाही.

गैरसमज सुरू होतो तो इथून पुढे. पाठ्यपुस्तकांनी दोन रकाने आखले: आकडे आणि गुणधर्म म्हणजे केंद्रीय, नटनट्या आणि संगीत म्हणजे परिघीय. मूळ लेखकांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. १९८० मध्येच त्यांनी शाम्पूच्या जाहिरातीवर एक प्रयोग केला होता. त्यात शिफारस करणाऱ्यांचं देखणेपण, फारसं देणंघेणं नसलेल्यांबरोबरच लक्ष देऊन पाहणाऱ्यांवरही परिणाम करताना दिसलं. कारण उघड आहे: शाम्पूच्या बाबतीत सुंदर केस हाच पुरावा असतो. तोच चेहरा रेझरला खूण ठरतो आणि शाम्पूला कारण. चेहऱ्याने कोणतं काम केलं हे पाहणाऱ्याने त्याचं काय केलं यावरून ठरतं. जाहिरातीकडे नुसतं बघून ते सांगता येत नाही. ते ओळखायचं तर कारणं भक्कम आणि कमकुवत अशा दोन आवृत्त्या करून पाहाव्या लागतात. दोन्हींना सारखाच प्रतिसाद आला तर समजावं की कोणी वाचलेलं नाही. जोडीला, जाहिरात पाहताना मनात जे आलं ते लोकांकडून लिहून घेऊन अनुकूल-प्रतिकूल विचार मोजायचे, ही पद्धतही त्यांनी वापरली.

आपल्याकडे त्याच दशकात याचं उत्तम उदाहरण घडत होतं. सर्फची ललिताजी, मुंबईच्या लिंटासमध्ये अलेक पदमसींच्या हाताखाली घडलेली आणि कविता चौधरींनी साकारलेली, आणि तिच्यासमोर गाण्यावर गिरकी घेणारी निरमाची मुलगी. आपल्याकडचे जाहिरातीचे वर्ग ही जोडी हटकून रकान्यांत घालतात: ललिताजी केंद्रीय, निरमा परिघीय. ललिताजी खरोखरच हिशोब मांडत होती की अर्धा किलो सर्फ किलोभर साध्या पावडरीचं काम करतो. पण ती कडक नजर आणि तो करारी आवाज ही खूणच होती. उलट निरमाचं गाणं हा सगळा युक्तिवाद नव्हताच; निरमाचं खरं कारण किराणा दुकानात पाकिटावर छापलेलं होतं, ते म्हणजे किंमत. महिन्याचं सामान भरणारी गृहिणी त्या किमतीचा विचार कोणत्याही प्राध्यापकाइतका बारकाईने करत होती. गाण्यामुळे नाव लक्षात राहिलं, निर्णय भावाने केला. पडद्यावरचं अर्धं मिनिट तेवढं पाहून मार्ग ठरवणाऱ्यांना हे दिसणार नाही.

१९९० मध्ये शूमन, पेटी आणि क्लेमन्स यांनी पुनरावृत्तीचा प्रश्न घेतला. तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवली की लोक कंटाळतात, मग बदलायचं काय? वस्तूशी देणंघेणं नसलेल्या लोकांसाठी चित्र, मांडणी, शिफारस करणारा असे वरवरचे बदल उपयोगी पडले. विचार करणाऱ्यांसाठी कारणंच बदलावी लागली. माध्यमांवर खर्च करणाऱ्यांना या मॉडेलने दिलेला सर्वांत कामाचा सल्ला हा असेल, पण तो रकान्यांइतका प्रसिद्ध झाला नाही.

टीका होणारच होती. भक्कम कारण म्हणजे कोणतं? लेखकांचं उत्तर होतं, आधीच्या चाचणीत ज्याने अनुकूल विचार उमटले ते. टीकाकारांचा मुद्दा असा की यात परिणामावरूनच कारणाची व्याख्या झाली. अमुक कारण भक्कम का ठरतं हे मॉडेल सांगत नाही. हा आक्षेप मला रास्त वाटतो आणि तो आजही सुटलेला नाही. १९९९ मध्ये क्रुगलान्स्की आणि थॉम्पसन यांनी तर दोन वाटाच नाकारल्या. खूण काय आणि कारण काय, दोन्ही शेवटी पुरावाच, फरक फक्त पचवायला सोपा की अवघड एवढाच, असं त्यांनी मांडलं.

मोठा धक्का २०१५चा. गेल केर, डॉन शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८३चा प्रयोग अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांत पुन्हा केला आणि मूळ निष्कर्ष हाती लागले नाहीत. डिजिटल काळात हे मॉडेल लागू पडतं का, असा प्रश्न त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच विचारला. पुढच्याच वर्षी ‘मेनी लॅब्ज ३’ या अनेक विद्यापीठांच्या एकत्रित उपक्रमात याच मॉडेलमधलं दुसरं भाकीत, म्हणजे विचार करायची आवड असणाऱ्यांवर कारणांच्या दर्जाचा जास्त परिणाम होतो हे, सिद्ध झालं नाही. त्यावर २०१७ मध्ये लुट्रेल, पेटी आणि शू यांनी दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. मेनी लॅब्जची पद्धत वापरली तर परिणाम दिसेना, मूळ पद्धतीच्या जवळ गेलं की दिसे. म्हणजे परिणाम आहे, पण नाजूक आहे. मजकूर किती लांब, परिस्थिती कशी उभी केली, यावर तो हलतो.

माझं मत विचाराल तर मोबाइलवर अंगठा सरकवणाऱ्या माणसाचा तो अर्धा सेकंद या मॉडेलला खोटं पाडत नाही. विचार करायची संधी कमी पडली की काय होतं हे त्यात आधीच लिहिलेलं आहे. मात्र १६० विद्यार्थ्यांवरच्या एका प्रयोगाच्या जोरावर तीस वर्षं दोन रकाने शिकवत राहणं चुकीचंच होतं. जाहिरातीचे वर्ग घेणाऱ्या मित्रांना म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी रकाने फळ्यावर काढू नका. विद्यार्थ्यांना एका खऱ्या वस्तूच्या दोन जाहिराती लिहायला लावा, एक भक्कम कारणांची आणि एक तरंगणाऱ्या रेझरची, आणि दोन्ही वीस-वीस अनोळखी लोकांना दाखवून काय होतं ते मोजायला पाठवा.