नवरीकडचे 34 पाहुणे आणि पाच मिनिटं

माझ्या मित्राचं लग्न पुण्यात झालं. नवरी गोव्याच्या सासष्टीतल्या ख्रिस्ती घरातली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलाकडच्यांनी त्यांना जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी स्वागताचा टोस्ट करण्याचं काम माझ्याकडे आलं. नवरीकडचे 34 जण येणार होते. त्यांतल्या तिघांनाच मी त्याआधी भेटलो होतो, तेही साखरपुड्यात, घाईघाईत.

मी यादी घेऊन बसलो. एकेकाचं नाव, नातं आणि गाव सांगायला दहा सेकंद लागतात. 34 जणांचे 340 सेकंद, म्हणजे साडेपाच मिनिटांहून जास्त, आणि तेवढ्यात माणसाबद्दल काहीच सांगून होत नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यात सातव्या-आठव्या नावानंतर काही उरतही नाही. म्हणून माणसं नव्हे, घरं ओळखून द्यायची असं ठरवलं. आजी, आईवडील, आईच्या माहेरचे लोटलीचे 14, वडिलांकडचे कुडतरीचे 11 आणि नवरीची चार भावंडं. हे झाले 32.

उरलेले दोघं कुठेच बसेनात. नवरीच्या मावसबहिणीला फोन केला तेव्हा कळलं की ते पाद्रिन आणि माद्रिन, नवरीच्या बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता आणि धर्ममाता. रक्ताचं नातं नसलं तरी त्यांचा मान जवळजवळ आईवडिलांचा. मी फक्त वंशावळ काढली असती, तर नेमकी हीच दोन माणसं सुटली असती. त्यांना आईवडिलांच्या लगेच नंतर घेतलं.

दुसरी अडचण नात्यांच्या नावांची. यादीत आठ जणांपुढे नुसतं ‘अंकल’ लिहिलेलं. त्यांच्याकडे पोर्तुगीज वळणाने आईचा भाऊ आणि वडिलांचा भाऊ दोघेही ‘तिओ’. आमच्या मंडळींना मात्र मामा की काका, हे कळल्याशिवाय माणूस कळतच नाही, कारण दुसऱ्या दिवशी व्याहीभेटीत मामाला मामाच भेटणार होता. आठही जणांबद्दल विचारून घेतलं. थोरले मामा कोण, हे आमच्याकडच्या थोरल्या मामांना त्याच रात्री समजलं आणि जेवताना दोघं शेजारी बसले.

उच्चारांसाठी त्या बहिणीला यादी मोठ्याने वाचायला लावली आणि मी देवनागरीत लिहून घेतली. इंग्रजीत लिहिलेल्या गावांवर विसंबू नये. कागदावर ‘लोटोलिम’ दिसतं, तोंडात ‘लोटली’ असतं. ‘कुर्तोरिम’ म्हणजे कुडतरी. कोकणीच्या रोमी लिपीत एक्स हे अक्षर ‘श’साठी असतं, तेही तेव्हाच कळलं. परक्या माणसाने आपल्या गावाचं नाव नीट घेतलं की चेहरा कसा खुलतो, हे मी त्या रात्री 14 चेहऱ्यांवर एकदम पाहिलं.

फोन ठेवण्याआधी आणखी एक गोष्ट विचारली : कोणाचं नाव घेतलं तर कोणाला त्रास होईल? नवरीचे आजोबा दहा महिन्यांपूर्वी गेले होते. आजीला विचारून घ्या, असं ती म्हणाली. आजीने निरोप दिला, नाव जरूर घ्या, पण आधी माझं घ्या. तसंच केलं.

मग प्रत्येक घराबद्दल एकच गोष्ट, खात्री करून घेतलेली. लोटलीच्या मंडळींनी पहाटे चारला गोवा सोडला होता आणि मासळीचं लोणचं मांडीवर धरून आणलं होतं. कुडतरीच्या काकांनी नवरीला सायकल शिकवली होती. पदं, नोकऱ्या, पदव्या मी घेतल्या नाहीत; एकाची सांगितली की दुसऱ्याची राहून जाते. ऐकीव विनोदही टाळले. ज्या घराचं हसणं-रुसणं आपल्याला माहीत नाही, तिथे कोणती गंमत जुनी जखम असेल, सांगता येत नाही.

ग्लास उचलण्याचा एक नियम आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हता. ज्यांच्यासाठी टोस्ट, ते बसून राहतात आणि स्वतःच्या नावाने पीत नाहीत. बाकीचे उभे राहून त्यांच्या नावाने घोट घेतात. हे आधी सांगितलं नाही, तर सगळेच उभे राहतात आणि स्वागत कोण कोणाचं करतंय ते कळेनासं होतं. मी मुलाकडच्या 40 जणांना दुपारीच सांगून ठेवलं. न पिणाऱ्यांच्या हाती कोकम सरबत दिलं. रिकामा ग्लास तेवढा कोणाच्या हाती असू नये.

शेवटी मी म्हणालो, “आजी, तुमचं सगळं घर आज आमच्याकडे आलंय,” आणि पोर्तुगीजमधला ‘सावूद’ हा शब्द उच्चारला. त्याचा अर्थ आरोग्य. आमचे 40 जण उभे राहिले. आजी बसून होती, हात मांडीवर. मग तिने शेजारच्या थोरल्या मामांना कोकणीत काहीतरी विचारलं. त्यांनी मला नंतर सांगितलं, ती विचारत होती, हा मुलगा लोटलीचा कोण?