दोन पंच आणि एक यादी

पोलीस शिपाई दुकानाच्या पायरीशी येऊन म्हणतो, "साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटं पंच म्हणून या." ती पाच मिनिटं दोन-अडीच तासांची होतात आणि चार-पाच वर्षांनी कोर्टाचं समन्स घेऊन परत येतात. म्हणून गल्लीतला माणूस पंच होणं टाळतो आणि पोलिसांनाही मग ओळखीचा, न कुरकुरता सही करणारा माणूस बरा वाटतो. झडतीचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

झडती आणि जप्तीचे नियम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 आणि 165 मध्ये होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तेच नियम थोड्या भरीसह कलम 103 आणि 185 मध्ये आले. कलमांचे आकडे विसरलात तरी चालेल. प्रत्यक्षात काय घडतं ते एका प्रकरणावरून पाहू. प्रकरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी रोजच्या कामातली आहे.

समजा, एका कामगारवस्तीत घरफोडी झाली. फिर्यादीने दोन पाटल्या, एक मोबाईल आणि 42,000 रुपये रोख गेल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तपासी अंमलदाराला खबर मिळते की माल शेजारच्या चाळीतल्या एका खोलीत आहे. वॉरंट आणायला जावं तर तेवढ्यात माल हलेल. अशा वेळी वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण आधी लिहावं लागतं: या जागेत ही वस्तू असल्याचं मला का वाटतं, कोणती वस्तू शोधायची आहे आणि थांबून का चालणार नाही. या टिपणाची प्रत 48 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. घरमालकाने अर्ज केला तर ती त्याला कोर्टाकडून फुकट मिळते. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मग पंच. कायदा म्हणतो, त्याच वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी. तिथलं कुणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही, तर दुसऱ्या वस्तीतले चालतात. 'प्रतिष्ठित' म्हणजे श्रीमंत नव्हे. पानवाला चालतो, शिक्षिका चालते, रिक्षाचालकही चालतो. फिर्यादीचा मेहुणा किंवा पोलिसांच्या दावणीला बांधलेला माणूस चालत नाही. मुंबईतल्या एका टाडा खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने जप्तीच्या पुराव्यावर विश्वास ठेवला नाही. पंच आधीही पोलिसांच्या छाप्यांत पंच होता आणि चाळीतल्या कुणाही रहिवाशाला बोलावलेलं नव्हतं, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पोलिसांची साक्ष ते पोलीस आहेत म्हणून टाकाऊ ठरत नाही, हेही न्यायालयाने त्याच निकालात सांगितलं. पण तटस्थ माणूस सोबत नसला की ती साक्ष जास्त बारकाईने तपासली जाते.

चांगला अधिकारी पंचांना लेखी पत्र देतो, कशासाठी बोलावलं ते समजावतो आणि त्यांची तयारी विचारतो. लेखी आदेश हाती पडल्यावर सबळ कारणाशिवाय नकार दिला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 222 खाली गुन्हा ठरू शकतो. तोंडी हाकेला मात्र हे लागू होत नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने ही अडचण आपल्यापुरती सोडवली आहे: सापळ्यासाठी दुसऱ्या सरकारी कार्यालयातले कर्मचारी पंच म्हणून मागवले जातात. ते सहसा उलटत नाहीत आणि त्यांचा पत्ताही बदलला तरी सापडतो.

खोलीच्या दाराशी आलो. आत जाण्याआधी एक छोटी गोष्ट घडायला हवी, तीच पुष्कळदा राहून जाते. पोलिसांनी आणि पंचांनी आपली अंगझडती घरातल्या माणसाला घेऊ द्यावी. बाहेरून कुणी काही आत नेऊन ठेवलं नाही, हे दाखवण्याचा याहून साधा उपाय नाही. कायद्याच्या कलमात हे शब्द नाहीत, पण न्यायालयं याची वाट पाहतात आणि बचावाचा वकील उलटतपासणीत हमखास विचारतो. घरातला माणूस किंवा त्याच्या वतीने कुणीतरी पूर्ण वेळ हजर राहू शकतं. त्याला बाहेर उभं करता येत नाही. बाईची अंगझडती बाईनेच, तिची अब्रू सांभाळून घ्यायची.

नव्या कायद्याची खरी भर इथे आहे. झडती, जप्ती, यादी लिहिणं आणि पंचांच्या सह्या, या सगळ्याचं दृक्‌श्राव्य चित्रण झालं पाहिजे, शक्यतो मोबाईलवर. ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा अथवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. चित्रणामुळे पंचांची गरज संपलेली नाही. कॅमेरा ज्या कोपऱ्याकडे वळला नाही, तिथे काय चाललं होतं ते पंचच सांगू शकतो.

आता यादी. आपल्या खोलीत स्वयंपाकाच्या फळीवर पत्र्याचा डबा आहे, डब्यात तांदूळ आणि तांदळाखाली कापडी पिशवी. आळशी हवालदार लिहील: 'सोन्याचे दागिने, मोबाईल व रोख रक्कम जप्त केली.' या एका ओळीत खटला बुडतो. नेटका पंचनामा असा असतो: खोलीत शिरल्यावर उजव्या हाताच्या लाकडी फळीवर पत्र्याचा गोल डबा, त्यात तांदूळ, तांदळाखाली लाल कापडी पिशवी. पिशवीत पिवळ्या धातूच्या दोन पाटल्या, आतल्या बाजूला सराफाचा ठसा, सराफाकडून वजन करवून दोन्ही मिळून 31.480 ग्रॅम. पाचशे रुपयांच्या 38 नोटा, एकूण 19,000 रुपये, नोटांचे क्रमांक सोबतच्या कागदावर. काळ्या रंगाचा मोबाईल, पडद्याचा डावा कोपरा तडकलेला, आयएमईआय क्रमांक अमुक. 

'पिवळ्या धातूच्या' हे शब्द वाचून हसू येतं, पण ते शहाणपणाचे आहेत. सोनं आहे की नाही हे पंचाला डोळ्यांनी कळत नाही. 'सोन्याच्या पाटल्या' असं लिहिलं आणि उद्या कोर्टात पाकिटातून बेन्टेक्स निघालं, तर मधल्या काळात कुणी अदलाबदल केली याचं उत्तर पोलिसांना द्यावं लागेल. वजनाचंही तसंच आहे. पाकीट उघडल्यावर 31 ऐवजी 28 ग्रॅम भरले तर संशय मुद्देमाल कारकुनापर्यंत जातो. म्हणजे नीट लिहिलेली यादी घरमालकाइतकीच पोलिसालाही राखते. 'कुठे सापडलं' हा कायद्याने मागितलेला तपशीलही तितकाच मोलाचा आहे. भाडेकरू ठेवलेल्या घरात डबा कुणाच्या फळीवर होता यावरच माल कुणाच्या ताब्यात होता ते ठरतं.

प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात घालून, दोरा बांधून लाखेचं सील लावतात आणि पंचांच्या व अंमलदाराच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवतात. सह्या सीलच्या आत अडकल्या पाहिजेत, नाहीतर पाकीट उघडून पुन्हा बंद करता येतं. पंचनाम्यावर सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ येते. पंचांना तो वाचून दाखवायचा असतो. पंचाला मराठी येत नसेल तर त्याच्या भाषेत समजावायचा आणि तसं नमूद करायचं. मग सह्या. सही झालेल्या यादीची प्रत घरातल्या माणसाला द्यायची, ही मेहेरबानी नव्हे. माल ठाण्यात मुद्देमाल नोंदवहीत चढतो आणि जप्तीची खबर कोर्टाला जाते.

पंचनामा खरा की टेबलावर बसून लिहिलेला, हे कसं ओळखायचं? जुन्या वकिलांची नजर आधी कोपऱ्यातल्या गुन्हा नोंद क्रमांकाकडे जाते. काही प्रकरणांत जप्ती आधी होते आणि गुन्हा नंतर नोंदवला जातो. संध्याकाळी पाचला संपलेल्या पंचनाम्यावर रात्री आठला नोंदलेल्या गुन्ह्याचा क्रमांक त्याच शाईत, त्याच अक्षरात दिसला, तर कागद कधी लिहिला हे निराळं विचारावं लागत नाही. दुसरी खूण म्हणजे वेळ: तीन खोल्यांची झडती, वजन, सील आणि चार पानी लेखन वीस मिनिटांत. तिसरी खूण भाषेची. दोन वेगळ्या ठिकाणचे पंचनामे नावं बदलून शब्दशः सारखे असले की पंच काय बोलला हे कुणी ऐकलेलंच नसतं.

आणि तरीही, पंच कोर्टात फितूर झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही. पंचनामा हा स्वतःच्या पायावर उभा राहणारा पुरावा नव्हेच. पंचाने किंवा अंमलदाराने शपथेवर सांगितलेलं हा पुरावा, आणि कागद त्याची आठवण ताजी करायला व त्याला आधार द्यायला. पंच 'पोलिसांनी ठाण्यात सही घेतली' म्हणाला, तरी अंमलदाराची साक्ष ठाम असेल तर न्यायालय जप्ती मानू शकतं. बेकायदा झडतीत मिळालेली वस्तूही आपल्याकडे आपोआप बाद होत नाही. प्राप्तिकराच्या झडतीबाबत 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. अंमली पदार्थांच्या कायद्यात मात्र सूट कमी आहे. संशयिताची अंगझडती घेण्यापूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क त्याला सांगावाच लागतो. तो सांगितला नाही तर त्या झडतीत सापडलेल्या मालावर शिक्षा टिकत नाही, असं 1999 मध्ये घटनापीठाने ठरवलं. यातही मेख आहे: हा नियम माणसाच्या अंगापुरता, हातातल्या पिशवीला तो लागू नाही.

जप्त मालाचं काय, हा फिर्यादीचा पहिला प्रश्न असतो. आपल्या पाटल्या खटला संपेपर्यंत ठाण्यात पडून राहायला नकोत. नव्या संहितेप्रमाणे माल कोर्टासमोर आल्यापासून 14 दिवसांत त्याचं वर्णनपत्र करायचं, फोटो किंवा चित्रण करायचं आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा किंवा परत देण्याचा आदेश काढायचा. पुढे पुरावा म्हणून ते फोटो चालतात. ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या पाहता हे वेळापत्रक अजून सगळीकडे पोचलेलं दिसत नाही. म्हणून फिर्यादीने वाट न पाहता स्वतः अर्ज करावा.

तुम्हाला कधी पंच म्हणून बोलावलं, तर जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्याच खाली सही करा. कोऱ्या कागदावर करू नका आणि न वाचता तर मुळीच नको. पहिल्या पानावर वेळ घातली आहे का ते पाहा. झडती तुमच्याच घरात झाली, तर शांतपणे हजर राहा आणि यादीतली प्रत्येक वस्तू मोजून घ्या. काही चुकीचं लिहिलं असेल तर सहीशेजारी तसं नोंदवा आणि प्रत हातात पडल्याशिवाय दार लावू नका.