ताडी-बियर सौम्य आणि फेणी कडक, असं का?



मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धती शिकवताना ऊर्ध्वपातन हा शब्द आला, की आमच्याकडची मुलं लगेच म्हणतात, "म्हणजे काजूची भट्टी ना बाई?" गोव्याची हद्द जवळ असल्यामुळे मुलांना भट्टी माहीत असते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यापुढचा प्रश्न येतो तेव्हा आपली थोडी अडचण होते. "बियरची एवढी मोठी बाटली पितात आणि फेणी एवढीशीच का पितात?" प्रश्न टाळण्यापेक्षा नीट उत्तर दिलेलं बरं. पालकसभेतही "बियर म्हणजे काय, जवाचं पाणी" असं म्हणणारे भेटतात, त्यामुळे हे उत्तर मोठ्यांनाही उपयोगाचं आहे.

त्यासाठी काजूच्या बोंडूचंच उदाहरण घेऊया. गंमत अशी, की या एकाच फळापासून गोड रस, आंबलेला रस, हुर्राक आणि फेणी असे सगळे टप्पे आपल्या डोळ्यांसमोर घडतात.

पिकून आपोआप खाली पडलेले बोंडू गोळा करतात, बी पिळून वेगळी काढतात आणि बोंडू दगडी कोळंबीत पायाने तुडवतात. उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की थेंब थेंब जो स्वच्छ रस गळतो, तो निरो. हा गोड असतो, त्यात नशा नसते आणि घरातली पोरंटोरंही तो पितात. तुडवून निघालेला रस मात्र भांड्यांत भरून दोन-तीन दिवस ठेवून देतात. त्यात काहीही घालावं लागत नाही. फळाच्या सालीवर आणि भांड्याच्या भिंतींना यीस्ट, म्हणजे किण्व, आधीच चिकटलेलं असतं. बेकरीत पाव फुगवणारं यीस्ट याच कुळातलं. ते रसातली साखर खातं आणि तिचे दोन पदार्थ करतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू. वायूमुळे रसाला फेस येतो, बुडबुडे फुटत राहतात. गोडी कमी होत जाते. यालाच किण्वन म्हणतात. सकाळची नीरा उन्हं वर येईपर्यंत ठेवली की तिची ताडी होऊ लागते, तेही हेच. म्हणून तर नीरा केंद्रावर ती थंड ठेवतात.

आता खरा प्रश्न. हा रस आठवडाभर ठेवला, महिनाभर ठेवला, तर तो फेणीएवढा कडक होईल का?

होणार नाही. कारण एक म्हणजे साखर संपते. हिशेब सोपा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळतं, उरलेले ८८ ग्रॅम वायू होऊन उडून जातात. म्हणजे साखरेचा जेमतेम अर्धा भाग अल्कोहोलच्या वाट्याला येतो. व्यवहारात असं धरतात, की १ लिटर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की अल्कोहोल १ टक्का होतं. बोंडूच्या रसात लिटरला १०० ग्रॅम साखर धरली, तर झालं जवळपास ६ टक्के. वाइनच्या द्राक्षांत साखर याच्या दुप्पट असते, म्हणून वाइन १२-१३ टक्क्यांपर्यंत जाते. जितका गूळ तितकं गोड म्हणतो ना, इथे जितकी साखर तितकंच अल्कोहोल.

मग रसात भरपूर गूळ टाकला तर? इथे दुसरं कारण आडवं येतं. अल्कोहोल हा यीस्टने बाहेर टाकलेला पदार्थ आहे आणि तो यीस्टलाच बाधतो. साधारण १४-१५ टक्क्यांच्या आसपास बहुतेक यीस्ट मंदावतं आणि मरतं. काही चिवट जाती १८ टक्क्यांपर्यंत तग धरतात. मग साखर कितीही उरलेली असो, ती खायला कोणी जिवंतच राहत नाही. नुसतं आंबवून केलेली कोणतीही दारू, मग ती ताडी असो, बियर असो की वाइन, या रेषेच्या अलीकडेच थांबते. मुलांना मी हे मत्स्यालयाचं उदाहरण देऊन सांगते. पाणी बदललंच नाही तर मासे शेवटी स्वतःच्याच घाणीने मरतात, तसं.

ही रेषा ओलांडायची तर यीस्टचा उपयोग नाही, तिथे भट्टीच लागते. एक गोष्ट मात्र अगदी ठळकपणे सांगायला हवी. भट्टीत अल्कोहोल तयार होत नाही. एक थेंबही नाही. जे काही व्हायचं ते आंबताना होऊन गेलेलं असतं. भट्टी फक्त पाणी मागे ठेवते.

कसं? शुद्ध अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सियसला उकळतं आणि पाणी १०० ला. आंबलेला रस मोठ्या भांड्यात तापवतात, त्याचं तोंड बंद असतं आणि वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. जुन्या पद्धतीत त्या दुसऱ्या मडक्यावर सतत गार पाणी ओततात. आता अनेक ठिकाणी तांब्याची वेटोळी नळी पाण्याच्या टाकीतून नेतात. वाफ गार झाली की पुन्हा द्रव होते.

पाठात आपण बहुधा असं सांगतो, की ७८ अंशांना सगळं अल्कोहोल निघून जातं आणि पाणी खाली राहतं. तेवढं सोपं नसतं. ६ टक्क्यांचा रस उकळायला लागतो तो ९५ अंशांच्या आसपास, आणि त्याच्या वाफेत अल्कोहोल असतं तसं पाणीही असतं. फक्त द्रवात अल्कोहोलचं जे प्रमाण असतं, त्यापेक्षा वाफेत ते बरंच जास्त असतं. सुरुवातीला गळणारा द्रव चांगला कडक असतो. रसातलं अल्कोहोल कमी होत गेलं की मागून येणारा द्रव पाणचट होत जातो. सगळं एकत्र केलं की सरासरी निघते. म्हणूनच एका उकळीत फेणी होत नाही. पहिल्या वेळी मिळतो तो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. हा हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवतात, तेव्हा फेणी मिळते, ४२-४३ टक्क्यांच्या घरातली.

आकड्यांत बघूया. मुलांना शेकडेवारीसाठीही हे उदाहरण चालेल, हवं तर दारूऐवजी मीठ-पाण्याचं करा. १०० लिटर आंबलेला रस ६ टक्क्यांचा आहे, म्हणजे त्यात अल्कोहोल ६ लिटर आणि बाकी मुख्यतः पाणी. हे ६ लिटर कुठेही सांडलं नाही असं धरलं, तर १५ टक्क्यांचा हुर्राक मिळेल ४० लिटर, आणि ४२.८ टक्क्यांची फेणी मिळेल फक्त १४ लिटर. प्रत्यक्षात थोडं अल्कोहोल मागे राहतं, त्यामुळे याहूनही कमी मिळतं. १०० लिटरमधली ताकद १४ लिटरमध्ये येऊन बसली, एवढंच झालं. ऊस गाळून रस आटवला की काहिलीत गूळ थोडाच उरतो पण गोडी सगळी त्यात असते, तसाच प्रकार. फरक असा, की गुऱ्हाळात पाणी उडतं आणि हवं ते खाली राहतं, इथे हवं ते उडतं आणि पाणी खाली राहतं.

कितीही वेळा भट्टीवर चढवलं तरी नुसत्या ऊर्ध्वपातनाने ९६ टक्क्यांच्या आसपास येऊन गाडी थांबते. तिथे वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण सारखंच होतं, मग वेगळं करायला काही उरत नाही.

जाता जाता, ४२.८ हा विचित्र आकडा कुठून आला? भारतातल्या बाटल्यांवर तो सर्रास दिसतो. इंग्रजांच्या जुन्या मोजणीत ५७.१ टक्क्यांच्या दारूला १०० प्रूफ म्हणत. त्याचे ७५ टक्के काढा, ४२.८ येतात. म्हणजे ती आहे ७५ प्रूफ.

आता त्या 'जवाच्या पाण्या'कडे येऊ. ६५० मिलीच्या बियरच्या बाटलीत ५ टक्के अल्कोहोल असेल, तर शुद्ध अल्कोहोल झालं साडेबत्तीस मिली. स्ट्राँग म्हणून मिळणारी ८ टक्क्यांची असेल, तर ५२ मिली. आणि फेणीचा किंवा व्हिस्कीचा ६० मिलीचा पेग? सुमारे २६ मिली. म्हणजे स्ट्राँग बियरची एक बाटली ही दोन पेगांएवढी आहे. टक्केवारी सौम्य आहे हे खरं, पण शरीर टक्केवारी मोजत नाही, पोटात एकूण किती गेलं ते मोजतं. "मी फक्त बियर घेतो" म्हणून गाडीची किल्ली हातात घेणाऱ्याने हा गुणाकार एकदा तरी करावा. घरातल्या मोठ्या मुलांसमोरही करावा.

दारूत बिघाड कसा होतो, हेही पालक विचारतात. आंबलेल्या रसाचा बिघाड कळतो. हवा लागत राहिली की दुसरे जिवाणू त्यातल्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, म्हणजे व्हिनेगर. नाकाला झोंबणारा आंबट वास येतो, लगेच समजतं.

विषारी दारूचं तसं नसतं. तिथे मारतं ते मिथेनॉल, म्हणजे मिथाइल अल्कोहोल. फळं आंबताना ते किंचित तयार होतं, पण माणसं दगावतात ती बहुधा त्याने नव्हे. कारखान्यांत वापरायचं स्वस्त मिथेनॉल बेकायदा दारूत मिसळलं जातं, तेव्हा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने १०० हून जास्त माणसं गेली. रंग, वास, चव, पेटवून बघणं, कशानेही घरच्या घरी मिथेनॉल ओळखता येत नाही. त्याची बाधाही लगेच दिसत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि त्याला काही तास लागतात, कधी एक दिवसही. मग डोकं दुखणं, उलट्या, पोटात कळा, धाप, आणि डोळ्यांसमोर धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं. नशा उतरतेय म्हणून झोपू दिलं तर वेळ हातची जाते. दृष्टी अंधुक झाली असं पिणारा म्हणाला, की लिंबूपाणी-ताक करत न बसता थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि दारू प्यायलाय हे डॉक्टरांना लपवून न ठेवता सांगायचं. यावर उतारा आहे आणि वेळेत मिळाला तर जीवही वाचतो, डोळेही वाचतात. सोबत कोण कोण बसलं होतं, हेही विचारून घ्यायचं, कारण त्यांना अजून काहीच होत नसलं तरी त्यांनाही तपासावं लागतं.