महिना सुरू होण्याआधी प्रत्येक रुपयाला काम

जून महिन्यात सोनं तारण ठेवून कर्ज काढणारी अनेक घरं अडचणीतली नसतात. नोकरी पक्की असते, पगार वेळेवर होतो, उधळपट्टी म्हणावी असं कुणी घरात नसतं. तरी शाळेची फी भरायची वेळ आली की खात्यात तेवढे पैसे नसतात. मग बांगड्या तारण जातात, दिवाळीच्या बोनसमधून सुटतात आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा जातात. हे दरवर्षी का होतं याचं उत्तर महिन्याच्या शेवटी लिहिलेल्या खर्चाच्या वहीत सापडत नाही. गेलेला पैसा कुठे गेला एवढंच ती वही सांगते. उत्तर हवं असेल तर पैसा जाण्याआधी हिशेब मांडावा लागतो. शून्याधारित अंदाजपत्रक म्हणतात ते हेच.

ही पद्धत मुळात कंपन्यांची आणि सरकारांची. अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत काम करणाऱ्या पीटर पायर यांनी १९७० साली तिच्यावर लेख लिहिला. जिमी कार्टर यांनी ती आधी जॉर्जिया राज्यात आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर केंद्र सरकारात आणली. आपल्याकडे १९८६ साली, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र सरकारने ती स्वीकारली. गेल्या वर्षी एखाद्या खात्याला पैसे मिळाले म्हणून यंदाही थोडे वाढवून द्यायचे, ही सवय तिला मोडायची होती. प्रत्येक खर्चाने आपली गरज पहिल्यापासून सिद्ध करावी, असा तिचा आग्रह. सरकारी कारभारात त्यापायी कागदांचे ढीग झाले. घरात मात्र ती एका पानावर बसते. हातात आलेल्या पैशांतून ठरवलेली सगळी कामं वजा केली की खाली शून्य उरलं पाहिजे. बँकेतली शिल्लक शून्य व्हावी असा याचा अर्थ नाही. ज्याचं काम ठरलेलं नाही असा रुपया उरू नये, इतकंच. बचत हेही एक कामच.

समजा, नाशिकमधलं चौघांचं घर आहे. नवरा अंबडच्या कारखान्यात नोकरीला, हातात ४८,००० रुपये येतात, तेही सात तारखेला. बायको घरी ब्लाऊज शिवते. तिची कमाई लग्नसराईत नऊ हजारांवर जाते आणि पितृपक्षात तीन हजारांवर येते. इथे पहिला नियम येतो: मिळणार असलेले पैसे वाटायचे नाहीत, हातात आलेलेच वाटायचे. म्हणून शिलाईचे या महिन्यातले पैसे बाजूला राहतात आणि पुढच्या महिन्याच्या वाटपात धरले जातात. गेल्या महिन्यात तिला ४,००० मिळाले होते. म्हणजे वाटायला आहेत ५२,०००. आणि या घराचा महिना एक तारखेला नव्हे, सात तारखेला सुरू होतो. कॅलेंडरच्या एक तारखेचा हट्ट धरला तर पहिले सहा दिवस उगाच उसनवारीवर जातात.

आता वाटप. घराचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, गॅस, मोबाईल, इंटरनेट, मुलांचा क्लास आणि शाळेची व्हॅन, धुण्याभांड्याच्या मावशींचा पगार आणि गावी आईवडिलांना पाठवायचे ३,००० मिळून २७,६०० होतात. किराणा, दूध-भाजी, पेट्रोल आणि औषधं मिळून १५,५००. बेरीज ४३,१००. उरले ८,९००. बहुतेक घरांचा हिशेब इथेच थांबतो आणि नवराबायकोला वाटतं, नऊएक हजार सुटतात की.

ते सुटत नाहीत. वर्षातून एकदा येणारे खर्च अजून पानावर आलेलेच नाहीत. दोन मुलांची शाळेची फी ३६,०००. आरोग्य विमा १८,०००, आयुर्विमा ९,०००. स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००. घरपट्टी-पाणीपट्टी ५,०००. गणपती आणि दिवाळी मिळून १५,०००. उन्हाळ्यात भरायचं वर्षाचं धान्य आणि मसाले ९,०००. एकूण ९६,०००, म्हणजे महिन्याला ८,०००. यातला एकही खर्च अचानक आलेला नाही. शाळा जूनमध्येच उघडते आणि दिवाळीही दरवर्षी येते. तरी आपण त्यांना अचानक आल्यासारखं वागवतो, कारण ते दर महिन्याला दिसत नाहीत. माझ्या मते या पद्धतीचा खरा उपयोग इथेच आहे. किराण्यात दोनशे रुपये वाचवणं ही त्यापुढे किरकोळ गोष्ट.

आठ हजार वजा केल्यावर उरले ९००. आता दोघं मोबाईलवर बँकेचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट उघडतात. बाहेरचं खाणं, घरपोच मागवलेला पिझ्झा, सेलमध्ये घेतलेल्या वस्तू. एकेक रक्कम दीडशे-तीनशेची, सगळी यूपीआयने गेलेली. “अहो, हे एका महिन्याचं आहे?” ती विचारते. सरासरी महिना ३,००० निघते. जागा आहे ९०० ची. म्हणजे हे घर दर महिन्याला २,१०० रुपये कमी पडत होतं आणि कुणाला कळत नव्हतं, कारण खात्यात शिल्लक दिसत होती. ती शिल्लक फीची, विम्याची, दिवाळीची होती. २,१०० गुणिले बारा म्हणजे २५,२००. जूनमध्ये सोन्यावर काढायच्या कर्जाची रक्कम पंचवीस हजारांच्या आसपास का असते, ते या ओळीत कळतं.

पान शून्यावर आणायचं तर २,१०० कुठून तरी काढावे लागतात. या घराने बाहेरचं खाणं आणि खरेदी मिळून १,५०० वर आणली, मोबाईल-इंटरनेटचे प्लॅन बदलून ४०० कमी केले आणि पेट्रोलमधून २०० काढले. गावी पाठवायच्या पैशांना हात लावला नाही. दुसरं एखादं घर क्लास बंद करेल, तिसरं दिवाळी लहान करेल. कशाला कात्री लावायची हे कोणताही तक्ता सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. निवड करावीच लागते, आणि ती महिन्याच्या सुरुवातीला दोघांनी समोरासमोर बसून करता येते, एवढं पान दाखवतं. आता हिशेब जुळतो: २७,२००, १५,३००, ८,००० आणि १,५००. बेरीज ५२,०००, खाली शून्य.

या पानावर अडीअडचणीसाठी काही नाही आणि आहेरालाही काही नाही, हे लक्षात आलं असेल. शिलाईचे चार हजारांवर जितके येतील ते आधी याच दोन कामांना जातात. कमी आले तर त्या महिन्यात बाहेरचं खाणं कमी होतं. चढउताराची कमाई असलेल्या प्रत्येक घराला असा क्रम आधीच लिहून ठेवावा लागतो: जास्त आले तर कुठे, कमी आले तर कुठून. द्राक्ष बागायतदारासारखी ज्याची रक्कम वर्षातून एकदाच हातात येते, त्याला ती पुढच्या हंगामापर्यंतच्या महिन्यांत वाटावी लागते, आणि बागेचा खर्च घरखर्चापासून वेगळा ठेवावा लागतो.

सुरुवात करणारे हमखास जिथे अडखळतात ती जागा वेगळीच आहे. बाराने भागायचं ते गाडी रुळावर आल्यावर. पहिल्या वर्षी, खर्च येईपर्यंत जितके पगार उरलेत तितक्यांनी भागायचं. मार्चमध्ये सुरुवात केली तर जूनच्या फीपर्यंत चारच पगार हातात पडतात. दर महिन्याला ३,००० टाकले तर जमतात १२,०००, हवे असतात ३६,०००. वार्षिक खर्चांच्या सगळ्या कामांचे मिळून तोवर ३२,००० साठलेले असतात, त्यामुळे ते सगळे फीला वापरून टाकावेसे वाटतात. तसं केलं की फी बहुतेक भरली जाते आणि विमा व दिवाळी उघड्यावर पडतात. त्यापेक्षा शाळेकडे फीचे दोन हप्ते मागावेत, धान्य वर्षाऐवजी तीन-चार महिन्यांचंच भरावं आणि तरी कमी पडलं तर लहान कर्ज घ्यावं. त्याच्या परतफेडीला पानावर स्वतंत्र ओळ द्यावी. पहिल्या जूनमध्ये सोनं पूर्ण सुटणार नाही, कर्ज कमी होईल. दिवाळीनंतर लगेच सुरुवात करता आली तर फीसाठी आठ पगार मिळतात आणि बोनसही हाताशी असतो, म्हणून मी तोच मुहूर्त सुचवेन.

वार्षिक खर्चांचे पैसे रोजच्या खात्यात ठेवू नयेत. वेगळं बचत खातं असावं, ते यूपीआयला जोडू नये, आणि सात तारखेच्या दुसऱ्याच दिवशी त्यात ८,००० आपोआप जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी. डायरीच्या शेवटच्या पानावर त्या खात्यातली रक्कम कामानुसार लिहायची: फीचे इतके, विम्याचे इतके. डिसेंबरात ते खातं फुगलेलं दिसतं आणि नवा टीव्ही घ्यावासा वाटतो. ती यादी त्या वेळी उघडायची असते. क्रेडिट कार्डाने किराणा घेतला तर बिल आल्यावर नव्हे, त्याच दिवशी किराण्याच्या ओळीतून तेवढे पैसे कमी करून कार्डाच्या ओळीत टाकायचे, नाहीतर एकच रुपया दोनदा खर्च होतो.

आणि महिना कधीच ठरल्याप्रमाणे जात नाही. पंधरा तारखेला मुलाला ताप येतो, औषधांची ओळ संपते. अंदाजपत्रक फसलं म्हणून वही बंद करणारे इथेच सोडतात. खरं तर दुसऱ्या ओळीतून पैसे हलवणं हा पद्धतीचाच भाग आहे. अट एकच: कुठून हलवले ते लिहायचं. एखादी ओळ सलग तीन महिने ओलांडली जात असेल तर आपला आकडाच खोटा आहे असं समजावं. भाजीला ५,५०० पुरत नसतील तर ६,००० लिहावेत आणि ते ५०० कुठून आणायचे ते ठरवावं. ‘इतर’ नावाची ओळ फुगायला लागली तर तिच्यात एखादा नेहमीचा खर्च लपलेला असतो. तो शोधून त्याला नाव द्यावं. विम्याच्या हप्त्याला गेल्या वर्षीचाच आकडा धरू नये, थोडा वाढवून धरावा.

नवराबायकोला प्रत्येकी थोडे तरी पैसे असे असावेत की ज्यांचा हिशेब कुणी कुणाला विचारणार नाही. दोनशे-तीनशे असले तरी चालतील. ही ओळ नसली की लहान खर्च लपवले जातात, आणि लपवलेल्या खर्चावर उभं असलेलं पान दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोटं ठरतं.

या पद्धतीच्या मर्यादेबाहेरची घरंही आहेत. भाडं, जेवण, औषध आणि जुन्या कर्जाचे हप्ते एवढ्यानेच मिळकत ओलांडली जात असेल, तर वाटप कितीही नेटकं केलं तरी खाली शून्य येत नाही, उणे आकडा येतो. तिथे काटकसरीचा उपदेश निरुपयोगी आहे. अशा घराने तो उणे आकडा घेऊन बँकेत जावं आणि हप्त्याची मुदत वाढवून मागावी, स्वस्त भाड्याचं घर शोधावं, किंवा घरातलं आणखी कुणी कमावू शकतं का ते पाहावं. बँकेशी बोलताना ‘पुरत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘दर महिन्याला ३,४०० कमी पडतात, हा कागद’ असं म्हणता आलं, तर मुदत किती वाढवायची यावर तरी बोलणं सुरू होतं.