रोमछिद्रे झाकताना: सावली, चमक आणि पातळ बेस

नाकाच्या शेंड्यावर, नाकपुड्यांच्या कडेला आणि गालांच्या आतल्या भागात जी बारीक भोके डोळ्यांना दिसतात, ती त्वचेच्या तेलग्रंथींची तोंडे असतात. प्रत्येक भोकात एक केस असतो, बहुतेकदा दिसणारही नाही इतका बारीक, आणि त्याच वाटेने ग्रंथीतले तेल वर येते. चेहऱ्याच्या मधल्या पट्ट्यात या ग्रंथी मोठ्या आणि दाट असल्याने तिथलीच छिद्रे ठळक असतात. ती किती मोठी असणार हे बरेचसे आनुवंशिकतेने ठरते. तेल जास्त स्रवत असेल तर ती अधिक रुंद दिसतात. वय वाढले की भोवतालच्या त्वचेचा ताण कमी होतो आणि गोल छिद्र खाली ओघळून लांबट होते. छिद्राला उघडझाप करणारा स्नायू नसतो. त्यामुळे वाफेने छिद्रे उघडतात आणि बर्फाने बंद होतात, हे पार्लरमध्ये हमखास ऐकू येणारे वाक्य खरे नाही. वाफेने आतले घट्ट तेल मऊ होते, बर्फाने त्वचा थोडा वेळ ताठरल्यासारखी वाटते, इतकेच.

मेकअपने छिद्र लहान होत नाही. ते कमी दिसेल, एवढेच करता येते. त्यासाठी ते मुळात दिसते का, हे पाहायला हवे. छिद्र म्हणजे एक उथळ खळगा. त्यावर प्रकाश तिरका पडला की एका कडेची सावली खळग्यात पडते आणि गडद ठिपका दिसतो. म्हणून खिडकीशी बाजूने उभे राहिल्यावर नाक आणि गाल खडबडीत वाटतात, आणि समोरून सारखा उजेड आला की तीच त्वचा बरीच नितळ भासते. त्यात खळग्याभोवती तेल साचले असेल तर कडा चमकतात, आणि चकाकती कड व काळा मध्य यांतला फरक आणखी वाढतो. तिसरे कारण मेकअप स्वतःच पुरवतो. फाउंडेशनमधले रंगाचे कण तेलाबरोबर सरकत खळग्यात जमतात आणि तिथे आजूबाजूपेक्षा फिका किंवा गडद ठिपका तयार होतो. प्रायमर सावलीवर काम करतो, टिपकागद चमकेवर, आणि बेस पातळ ठेवला की ठिपके जमायला माल उरत नाही.

छिद्रांसाठीचे बहुतेक प्रायमर सिलिकोनचे असतात. डायमेथिकोन नावाचे सिलिकोन आणि त्याचेच जाळीदार, जेलसारखे रूप यांचे मिश्रण त्वचेवर लावले की मखमली थर बसतो. जाळीदार सिलिकोन खळग्यात बसून त्याचा तळ वर आणते. त्यात बहुधा सिलिकाचे अतिबारीक गोल कणही असतात. ते प्रकाश एकाच दिशेला परतवण्याऐवजी सगळीकडे विखुरतात, त्यामुळे उरलेली सावली धूसर होते. काही कण थोडे तेलही शोषतात. बोटांना हा पदार्थ कोरडा, निसरडा लागतो. पाण्याच्या, ओलसर चमक देणाऱ्या प्रायमरचा छिद्रे भरण्याशी फारसा संबंध नाही. उलट त्याने कडा अधिक चकाकतात. दुकानात दोन्हींवर ‘प्रायमर’ हाच शब्द असतो, म्हणून मागचा घटकांचा मजकूर वाचावा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीन-चार नावांत शेवटी ‘कोन’ किंवा ‘सिलॉक्सेन’ असलेली नावे दिसली की तो सिलिकोनचा प्रायमर समजावा.

नाक, गालांचा आतला भाग आणि कपाळाचा मध्य यांसाठी मटाराच्या अर्ध्या दाण्याइतका प्रायमर पुरतो. सगळ्या चेहऱ्यावर तो फासायची गरज नसते. डोळ्यांभोवती आणि जबड्याजवळ छिद्रे जवळजवळ दिसतच नाहीत. प्रायमर क्रीमसारखा चोळला तर खळग्यातून पुन्हा बाहेर ओढला जातो. त्याऐवजी तो बोटाच्या टोकावर घेऊन छिद्रांवर दाबत जावे आणि मग त्याच जागी अगदी हलके, लहान गोल फिरवावे. गालावरची छिद्रे बहुधा खालच्या बाजूला कललेली असतात, म्हणून तिथे बोट खालून वर न्यावे. नंतर दोन-तीन मिनिटे थांबावे.

हे थांबणे टाळले की पुढचा बिघाड ठरलेला. फाउंडेशन लावताना गालावर रबरासारख्या बारीक वळ्या निघू लागतात. याची तीन नेहमीची कारणे आहेत: प्रायमर जास्त झाला, त्याखालचे सनस्क्रीन किंवा क्रीम अजून ओले होते, किंवा सिलिकोनच्या थरावर पाणीदार फाउंडेशन घासून लावले. वळ्या दिसल्यावर त्यावर आणखी काही चढवून उपयोग नाही. तेवढा भाग ओल्या कापसाने पुसून पुन्हा सुरुवात करावी. सनस्क्रीन प्रायमरच्या आधी, पुरेसे आणि सुकायला वेळ देऊन लावायचे. प्रायमरच्या डबीवर एसपीएफचा आकडा असला तरी अर्ध्या मटाराइतक्या मात्रेतून तेवढे संरक्षण मिळत नाही.

बेसची गोष्ट एका उदाहरणातून पाहणे सोपे. समजा, ऑगस्टमधली मुंबई आहे. काउंटरवर बसून काम करणारी, तिशी ओलांडलेली, गव्हाळ वर्णाची एक स्त्री सकाळी साडेआठला घराबाहेर पडणार आहे. तिच्या नाकावर आणि आतल्या गालांवर छिद्रे ठळक आहेत, दुपारपर्यंत कपाळ चमकते, गालांच्या बाहेरच्या बाजूला त्वचा ठीक आहे, आणि हनुवटीवर दोन जुने काळे डाग आहेत. आजवर ती सगळ्या चेहऱ्यावर जाड फाउंडेशन लावत आली, आणि अकराच्या सुमाराला नाकावर पांढुरके ठिपके उगवत आले. तिचा हिशेब असा की छिद्रे दिसतात म्हणून जास्त झाकायला हवे. पण खळगा रंगाने झाकला जात नाही. रंग त्याच्या आकाराप्रमाणे आत उतरतो, आणि थर जितका जाड तितका आत उतरायला जास्त माल मिळतो. झाकायला हवेत ते डाग आणि लाली, आणि तेही जिथे आहेत तिथेच.

तिने चेहरा धुऊन हलके जेलचे मॉइश्चरायझर लावावे, मग सनस्क्रीन, मग वर सांगितल्याप्रमाणे फक्त मधल्या भागाला प्रायमर. प्रायमर बसेपर्यंत डोळ्यांचे काम उरकून घेता येते. मग पातळ फाउंडेशनचा एक ठिपका हाताच्या पाठीवर काढावा. मेकअपचा स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळावा. तो ओलसर हवा, पाणी गळता कामा नये. त्याने हाताच्या पाठीवरून थोडे थोडे उचलून आधी गालांच्या मध्यावर टिपावे आणि कडेला जाताना जवळजवळ काहीच उरू देऊ नये. नाकावर नवा माल न घेता स्पंजावर उरलेले तेवढेच दाबावे. दाबणे महत्त्वाचे आहे. ब्रश एकाच दिशेला ओढला की छिद्राच्या एका कडेला फाउंडेशनची बारीक रेघ साचते, आणि जिथे नको तिथे नेमकी नवी कड तयार होते. हनुवटीच्या दोन डागांवर बारीक ब्रशने कन्सीलर ठेवून फक्त त्याच्या कडा बोटाने मिसळाव्यात. बाकी त्वचा थोडी उघडीच राहते, आणि हे चांगले. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला त्वचा दिसायला हवी. भिंग लावलेल्या आरशात प्रत्येक छिद्र मोजत बसले की थरावर थर चढतो. त्या आरशाचा उपयोग भुवया कोरताना.

पावडर शेवटी, आणि तीही नाक, आतले गाल व कपाळाचा मध्य एवढ्यावरच. पफ पावडरीत बुडवावा, झटकावा, मनगटावर एकदा टेकवावा आणि मग त्वचेवर दाबावा. सिलिकाची पांढरी, रंगहीन म्हणून विकली जाणारी पावडर छिद्रे चांगली धूसर करते. पण जास्त झाली तर फ्लॅशच्या फोटोत तिथेच पांढरा पट्टा उमटतो. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर तो फार जाणवतो. लग्नसमारंभाला जाण्यापूर्वी घरीच अंधाऱ्या खोलीत फ्लॅशने एक फोटो काढून पाहावा. गालांच्या वरच्या हाडावर हायलायटर हवाच असेल तर तो छिद्रे संपतात त्या रेषेच्या बाहेर ठेवावा, कारण चकाकी प्रत्येक खळगा उठून दाखवते.

दुपारी बाराच्या सुमाराला तिच्या नाकावर तेल येणारच. इथे बहुतेकजणी पर्समधली कॉम्पॅक्ट पावडर काढतात आणि तेलावरच पावडर लावतात. दोन्ही मिळून लगदा होतो, तो छिद्रांत बसतो आणि वरून सुकून भेगाळतो. आधी तेल उचलायचे. यासाठी मिळणारे तेलटिपे कागद जपानमध्ये अबुराटोरीगामी नावाने ओळखले जातात. सोन्याचा वर्ख ठोकताना पानांमध्ये घालायचा पातळ कागद तेल छान शोषतो, हे लक्षात आल्यावर तो चेहऱ्यासाठी वापरात आला. कागद नाकावर ठेवून तीन-चार सेकंद दाबावा आणि सरळ वर उचलावा. मग घडी बदलून गाल, शेवटी कपाळ. घासला तर बेसही निघतो. कागद पारदर्शक झाला पण त्यावर रंग उतरला नाही, तर दाब बरोबर. रंग उतरत असेल तर दाब जास्त आहे किंवा बेस जाड बसला आहे. टिपकागद नसेल तर टिश्यू पेपरचे थर सुटे करून एक पातळ थर वापरता येतो. घाम आला असेल तर टिश्यूच बरा, कारण प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे टिपे तेल घेतात, पाणी नाही. टिपून झाल्यावर पुष्कळदा पावडरची गरजच उरत नाही. लागलीच तर आधीच्या निम्मी.

दिवसातून दोन-तीनदा टिपल्याने त्वचा सूड म्हणून जास्त तेल काढू लागेल, ही भीती निराधार आहे. कागद फक्त वर आलेले तेल उचलतो, ग्रंथीला त्याची खबर नसते. मात्र दर तासाला टिपावे लागत असेल तर सकाळचे क्रीम त्वचेला जड पडत असावे. ते आधी बदलून पाहावे.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. मुरुमांनंतर पडलेले खोल, टोकदार खड्डे प्रायमरने भरत नाहीत. त्यांत तो गोळा होऊन दिवसभरात बाहेर सरकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे लागते. नाकावरचे करडे ठिपके बहुधा काळे ब्लॅकहेड नसून छिद्राच्या आतल्या तेलाचे नैसर्गिक धागे असतात. पट्टी चिकटवून ते उपटले तरी काही दिवसांत पुन्हा भरतात, आणि ताज्या उपटलेल्या रिकाम्या छिद्रांत त्या दिवशी फाउंडेशन नेमके जाऊन बसते. समारंभाच्या सकाळी म्हणून पट्टी नको. छिद्रांतले तेल कमी करायचे असेल तर तेलात विरघळणारे सॅलिसिलिक आम्ल 2 टक्क्यांपर्यंत असलेला फेसवॉश किंवा सीरम काही आठवडे वापरून पाहता येतो. त्वचा कोरडी पडू लागली तर एक दिवसाआड. गरोदरपणात असे काही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

रात्री हा थर साध्या फेसवॉशने पूर्ण निघत नाही, कारण सिलिकोन पाण्यात विरघळत नाही. कोरड्या चेहऱ्यावर क्लिन्झिंग ऑइल किंवा बाम बोटांनी हलके फिरवून, पाणी लावून ते दुधाळ होऊ द्यावे, धुवावे, आणि मग फेसवॉश वापरावा. नंतर पांढऱ्या कापसाने नाकाची कड पुसावी. कापसावर रंग आला नाही तर छिद्रे मोकळी झाली असे धरायला हरकत नाही.