फोटोतल्या फॉर्मपासून तक्त्यापर्यंत

कागदी फॉर्मवरची उत्तरे मोजण्यासाठी हल्ली बरेचदा फॉर्मचा गठ्ठा टेबलावर येत नाही, त्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो येतात. फॉर्म गावात भरले जातात, फोटो तिथेच काढले जातात आणि मोजणी दुसरीकडे कोणीतरी करते. मोजणाऱ्याला कागद उलटून पाहता येत नाही की भरणाऱ्याला विचारता येत नाही. जे फोटोत आले तेवढेच त्याच्या हाती असते. म्हणून चौकटींतल्या खुणा मोजण्याआधी फोटोच मोजावे लागतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावात पाण्याविषयी एकपानी प्रश्नावली वाटली. १२४ फॉर्म दिले, प्रत्येकावर १ ते १२४ असा अनुक्रमांक छापलेला. मोजणाऱ्याकडे १२५ फोटो आले. आकडा जवळचा असल्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते, पण प्रत्येक फोटोतला अनुक्रमांक यादीत लिहिल्यावर सात क्रमांक दोनदा येतात. फोटो हलला म्हणून पुन्हा काढला आणि पहिला पुसायचा राहिला, असे त्यात बहुधा झालेले असते. म्हणजे वेगळे फॉर्म ११८च, आणि सहा क्रमांक गायब. गावातल्या माणसाने गठ्ठा पुन्हा चाळल्यावर दोन फॉर्म एकमेकांना चिकटलेले सापडतात. उरलेले चार परत आलेलेच नाहीत. आता आकडे पक्के झाले: वाटले १२४, आले १२०. फॉर्मवर अनुक्रमांक नसता तर सात घरांचे मत दोनदा मोजले गेले असते, दोन घरांचे गळले असते आणि कोणालाही पत्ता लागला नसता. फोटोच्या फाइलला फोन देतो तो क्रमांक इथे उपयोगाचा नाही. तो फोटोचा असतो, फॉर्मचा नाही.

फोटो वाचण्याजोगा आहे की नाही, हेही आधीच ठरते. ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब असतो. ४००० बाय ३००० पिक्सेलच्या फोटोत तो पूर्ण लांबीने बसला, तर दर मिलिमीटरला सुमारे १३ पिक्सेल मिळतात आणि पाच मिलिमीटरच्या चौकटीची एक बाजू ६५ पिक्सेलांच्या आसपास येते. एवढ्यात पेन्सिलीची फिकट टिकही दिसते. तोच फोटो पाठवताना आकसून लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली, तर चौकटीला जेमतेम २७ पिक्सेल उरतात. ठळक टिक तरीही वाचता येते, पण समासात बारीक अक्षरात लिहिलेला शेरा पुसट होतो. म्हणून फोटो चॅटमध्ये चित्र म्हणून न पाठवता मूळ फाइल म्हणून पाठवावेत. शेरे किती मोलाचे असतात ते पुढे दिसेल.

मोजणीची जुनी पद्धत रेघांची: चार उभ्या आणि पाचवी त्यांना छेदणारी आडवी. हातात कागद असताना आणि प्रश्न एकच असताना ती झटपट चालते. फोटोंवरून मोजताना मात्र ती टाळलेली बरी, कारण रेघ मारली की ती कोणत्या फॉर्मची होती हे कायमचे हरवते. त्यापेक्षा प्रत्येक फॉर्मला एक ओळ आणि प्रत्येक प्रश्नाला एक रकाना द्यावा, आणि रकान्यात उत्तराचा आकडा लिहावा. आपल्या उदाहरणात प्रश्न होता, ‘नळाला पाणी किती दिवसांनी येते?’ रोज म्हणजे १, दिवसाआड २, तीन-चार दिवसांनी ३, आठवड्याने किंवा त्याहून उशिरा ४. त्याशिवाय तीन आकडे राखून ठेवायचे: दोन खुणा असतील तर ७, वाचता येत नसेल तर ८ आणि उत्तर कोरे असेल तर ९. कोऱ्या उत्तरालाही आकडा लागतो, कारण रिकामा रकाना म्हणजे तो फॉर्म अजून वाचलेलाच नाही. शेवटी बेरीज संगणक करतो:

```
=COUNTIF(C2:C121,2)
```

या ओळीने १२० फॉर्मांपैकी किती जणांनी ‘दिवसाआड’ म्हटले ते मिळते.

ओळीवार नोंदीचा खरा फायदा तपासणीत होतो. तेच फोटो दोन माणसांनी एकमेकांचे न पाहता नोंदवायचे आणि मग दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. समजा, दोघांकडेही दिवसाआडचे ४१ आणि तीन-चार दिवसांचे ३३ भरले. रेघांची मोजणी असती तर काम इथेच संपले असते. ओळी ताडून पाहिल्यावर मात्र कळते की फॉर्म क्रमांक ३७ ला पहिल्याने २ लिहिला आहे आणि दुसऱ्याने ३, तर क्रमांक ८८ ला नेमके उलटे. दोन चुकांनी एकमेकींना झाकले होते. बेरजा जुळल्या म्हणून नोंदी जुळल्या असे होत नाही. असे फॉर्म पुन्हा उघडून फोटोतल्या खुणेवरूनच निकाल लावायचा.

फॉर्म हजारोंनी असले की हे काम यंत्राकडे जाते. खुणा यंत्राने वाचण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले एक शाळामास्तर रेनॉल्ड जॉन्सन यांच्या कल्पनेवर उभे राहिलेले आयबीएमचे उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र १९३८ मध्ये बाजारात आले. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते, या गुणावर ते चाले. आजचा प्रोग्रॅम फोटोतला काळेपणा मोजतो. तिरक्या फोटोत आयताकृती फॉर्म वेडावाकडा चौकोन होऊन आलेला असतो. कोपऱ्यांत छापलेल्या चार खुणा शोधून प्रोग्रॅम तो चौकोन पुन्हा आयत करतो. या रूपांतराला आठ अज्ञात संख्या लागतात आणि चार कोपऱ्यांचे प्रत्येकी दोन निर्देशांक मिळून त्या नेमक्या सुटतात. मग ठरलेल्या जागी चौकटीच्या आतला भाग कापून त्यात किती टक्के पिक्सेल गडद आहेत ते पाहायचे.

गडद कशाला म्हणायचे, हा पुढचा प्रश्न. जपानी शास्त्रज्ञ नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये दिलेली रीत आजही वापरात आहे: फोटोतल्या पिक्सेलांचे उजळ आणि काळसर असे दोन गट पडावेत आणि ते एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे असावेत, अशी सीमारेषा ती शोधते. पण फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली अर्ध्या कागदावर पडली असेल तर सावलीतला कोरा कागदही काळसर गटात जातो. खालच्या ओळींतल्या सगळ्याच चौकटी भरलेल्या दिसू लागल्या, तर कारण बहुधा हेच असते. अशा वेळी प्रत्येक भागाची सीमा त्याच्या आसपासच्या उजेडावरून ठरवतात. दुसरी अडचण घडी पडलेल्या किंवा फुगलेल्या कागदाची. चार कोपऱ्यांचे गणित सपाट कागदासाठी आहे. कागद मधे उचललेला असेल तर कोपरे जुळतात, पण मधल्या चौकटी सरकतात. कापलेल्या तुकड्यात चौकटीची कड आत आलेली दिसली की ओळखावे.

पण सगळ्यात अवघड आहे खाडाखोड. एखादी बाई ‘रोज’वर टिक करते, चूक लक्षात आल्यावर ती चौकट गिरवून टाकते आणि ‘दिवसाआड’वर नवी टिक करते. गिरवलेल्या चौकटीत शाई टिकेपेक्षा कितीतरी जास्त. सर्वांत गडद चौकट म्हणजेच उत्तर असे मानणारा प्रोग्रॅम तिने रद्द केलेलेच उत्तर उचलतो, तेही पूर्ण खात्रीने. तोच फोटो पाहणाऱ्या माणसाला मात्र क्षणभरही शंका येत नाही. म्हणून एकच सीमा न ठेवता मधे संशयाचा पट्टा ठेवावा लागतो. अगदी रिकाम्या आणि नेहमीच्या टिकेएवढ्या भरलेल्या चौकटी यंत्राने वाचाव्यात. फारच फिकट, फारच गडद आणि एका प्रश्नात दोन असलेल्या खुणा माणसाकडे याव्यात. पट्टा किती रुंद हवा, हे हाताने वाचलेल्या थोड्या फॉर्मांशी यंत्राची उत्तरे ताडूनच ठरते.

आता आपले १२० फॉर्म.

| नळाला पाणी किती दिवसांनी? | फॉर्म | टक्के |
|---|---|---|
| रोज | १८ | १७ |
| दिवसाआड | ४१ | ३९ |
| तीन-चार दिवसांनी | ३३ | ३१ |
| आठवड्याने किंवा उशिरा | १४ | १३ |
| स्पष्ट उत्तरे | १०६ | १०० |
| कोरे | ७ | |
| दोन खुणा | ५ | |
| न वाचता येणारे | २ | |
| एकूण आलेले फॉर्म | १२० | |

तक्त्याखाली तीन गोष्टी लिहाव्या लागतात. पहिली, टक्के कशाचे काढले ते. इथे ते १०६ स्पष्ट उत्तरांचे आहेत. १२० वर काढले तर दिवसाआडचे ३९ टक्के ३४ वर येतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण आधार न सांगता दिलेला कुठलाच कामाचा नाही. दशांश चिन्हापुढचे आकडे देण्यात अर्थ नाही; इथे एक फॉर्म म्हणजेच जवळपास एक टक्का.

दुसरी, बाजूला ठेवलेल्या चौदा फॉर्मांचे वजन किती. तीन-चार दिवसांनी किंवा त्याहून उशिरा पाणी मिळणारी घरे ४७ आहेत, म्हणजे स्पष्ट उत्तरांच्या ४४ टक्के. पण चौदाही घरे त्यांच्यातलीच निघाली तर १२० पैकी ६१, म्हणजे ५१ टक्के. एकही नसले तर ३९ टक्के. ‘निम्म्याहून कमी घरांना’ असे वाक्य अहवालात घालायचे असेल, तर हा तक्ता त्याला पूर्ण आधार देत नाही. १२० फॉर्मांपुरतेसुद्धा नाही. परत न आलेली चार घरे तर याच्याही बाहेर आहेत.

तिसरी, दोन खुणांचे पाच फॉर्म. कडक नियमाने ते बाद ठरतात आणि नियम पाळायलाच हवा, कारण मोजणाऱ्याने अंदाजाने एक खूण निवडली तर ते उत्तर त्याचे होते, घराचे राहत नाही. पण त्यांचे फोटो मोठे करून पाहिल्यावर तिघांच्या समासात बारीक अक्षरात ‘उन्हाळा’ असे लिहिलेले आणि त्यापुढे ‘तीन-चार दिवसांनी’कडे बाण काढलेला सापडतो. या तिघांनी चूक केलेली नाही. त्यांच्याकडे पाणी ऋतूप्रमाणे बदलते आणि प्रश्नात ऋतूच विचारलेला नव्हता. मग ‘दिवसाआड’ म्हणणाऱ्या ४१ जणांपैकी किती जण पावसाळ्याचे सांगत होते आणि किती जण मे महिन्याचे, हे या फॉर्मांवरून कळणार नाही. फॉर्म कोणत्या महिन्यात भरले ते तक्त्याच्या शीर्षकात लिहावे, तिघांचा शेरा तळटीपेत द्यावा आणि पुढच्या खेपेस हा प्रश्न उन्हाळा आणि पावसाळा असा दोन ओळींत छापावा.