छत्तीस महिने कुठून मोजायचे?

मधुमेह असलेल्या एका बाईंनी 10 जून 2024 रोजी पाच लाखांची आरोग्य पॉलिसी घेतली, असं समजू. आजार फॉर्ममध्ये नीट लिहिला. प्रतीक्षा काळ छत्तीस महिने. एप्रिल 2024 पासून आपल्याकडे याहून जास्त ठेवता येत नाही. तो पहिल्या पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे 9 जून 2027 पर्यंत. आजार कधी जडला, याच्याशी या मोजणीचा संबंध नाही.

मार्च 2026 मध्ये पायाची जखम चिघळून त्यांना दाखल व्हावं लागलं, तर? मधुमेहामुळे थेट उद्भवलेली गुंतागुंतही वगळलेली असते, त्यामुळे बिल घरूनच भरावं लागेल. पण पॉलिसी रद्द होत नाही आणि मोजणीही पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. त्याच महिन्यात डेंग्यू झाला असता, तर तो दावा मिळायला हवा. म्हणून डिस्चार्ज कार्डावर दाखल होण्याचं कारण स्पष्ट लिहून घ्यावं, हे मी कळकळीने सांगते.

खरा घात नूतनीकरणात होतो. वार्षिक हप्ता सवलतीच्या तीस दिवसांतही भरला नाही, तर साठलेले महिने जातात. विमा कंपनी रीतसर बदलली, तर ते सोबत येतात. जून 2026 मध्ये रक्कम दहा लाख केली, तर वाढीव पाच लाखांसाठी मधुमेहाची मोजणी तिथून नव्याने सुरू होते. जुन्या पाच लाखांची 2027 लाच संपते.